दसऱ्याला ती पोरं घरी का जात नाहीत? भाचीच्या व्हॉलंटियर ट्रिपचं पूर्ण प्रकरण

जुलैतली गोष्ट. ताईकडे जेवायला गेलो होतो, कोथरूडला, आणि भाचीने ताटावरच मोबाईल पुढे केला, मामा हे बघ, मी नेपाळला चाललेय, पोखऱ्याला, तीन आठवडे, अनाथ मुलांना इंग्लिश शिकवायला. तिचं एम.कॉम. झालेलं, वय २३, नोव्हेंबरच्या ३ तारखेला एका कंपनीत जॉइनिंग, मधला वेळ मोकळा. दहा हजार बुकिंगचे भरून झाले होते. ताईचं म्हणणं एकच, मुलगी एकटी जातेय तर ती लोकं खरी आहेत का तेवढं बघ, तू त्या ट्रस्टांच्याच हिशोबात असतोस ना दिवसभर.

ते खरंय. मी सदाशिव पेठेत एका सीएंच्या ऑफिसात गेली एकोणीस वर्षं धर्मादाय संस्थांचं ऑडिट करतो, म्हणजे व्हाउचर टिक करणारा माणूस, समाजसेवक वगैरे नाही. त्यामुळे मी ते जसं कुठल्याही ट्रस्टचं बघतो तसंच बघायला घेतलं, पैसा आधी. पुढे जे निघालं ते मात्र हिशोबाच्या वहीत मावणारं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय. संस्थांची नावं टाकत नाही.

फी होती ७४,००० रुपये, प्रवास वेगळा. त्यात राहणं, जेवण, एअरपोर्टवरून पिकअप, एक सर्टिफिकेट, सारंगकोटचा सूर्योदय आणि एक टीशर्ट. आता फी घेतली म्हणून लगेच लुबाडणूक असं नसतं बरं का, हे आपल्याकडे लोकांना पटत नाही. तुम्ही कुणाच्या गावात जाऊन राहणार तर तुमचं जेवणखाण, तुमच्याबरोबर फिरणारा माणूस, तुम्ही आजारी पडलात तर धावपळ, याला खर्च येतो आणि तो त्या गावाने का करायचा. फी किती हा प्रश्नच नाही, ती कुणाच्या हातात किती जाते आणि ते लेखी सांगतात का, हा प्रश्न. ट्रिप नेणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं, ८० टक्क्यांपर्यंत रक्कम थेट समुदायाला. या 'पर्यंत'वर माझं आयुष्य गेलंय.

भाचीला म्हणलं, रुपयात विचार, टक्क्यात नको. तिने मेल केला, सहा दिवस उत्तर नाही, मग बाणेरच्या ऑफिसातून फोन आला. मुलगा बोलायला चांगला होता, त्याने आढेवेढे घेत का होईना पण आकडे सांगितले. ऑफिस आणि मार्केटिंग ३१,०००, पोखऱ्याचा कोऑर्डिनेटर १४,०००, राहणं-जेवण १६,०००, शनिवार-रविवारची फिरती ५,००० आणि बालगृहाला ८,०००. लेखी द्या म्हणलं तर पॉलिसी नाही. म्हणजे व्हॉलंटियरचं जेवण आणि सूर्योदयसुद्धा समुदायात धरला तरी ४३,०००, म्हणजे ५८ टक्के होतात, ८० कुठून आले देव जाणे. वर तो सहज बोलून गेला, मॅडम तुम्हाला ८०जी ची पावती पण मिळेल, आमचा सिस्टर ट्रस्ट आहे ना. इथे माझे कान टवकारले. ८०जी म्हणजे आयकरातली सूट, ती देणगीवर मिळते, आणि देणगी म्हणजे बदल्यात काही न घेता दिलेले पैसे. राहण्या-खाण्याच्या, ट्रिपच्या पैशाला देणगी म्हणून पावती फाडणं हे चुकीचंच आहे, आणि जी कंपनी एवढ्या सहजपणे ती ऑफर करते ती बाकीच्या कागदांचं काय करत असेल याचा अंदाज येतो. नंतर तो सिस्टर ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांच्या नोंदीत शोधला, होता, पण नेपाळातल्या कामाचा त्याच्या उद्दिष्टात कुठे उल्लेखच नाही.

भाची म्हणाली, ठीके रे मामा, कंपनी कमिशन खाते, पण ८,००० तरी मुलांना मिळतात ना, तेवढे पण कोण देतं. मला पण आधी तेच वाटलं होतं. उलट वाटलं की बालगृहाला जास्त मिळायला हवेत. आमच्या ऑफिसात एक बाई येतात, बालगृहांच्या तपासणीत बरीच वर्षं काम केलेल्या, रिटायर्ड. त्यांना चहा पिता पिता सांगितलं तर त्या म्हणाल्या, अहो जास्त मिळाले तर जास्त वाईट. मला कळेचना. त्यांनी विचारलं, ते ८,००० कशावर मिळतात? मुलं तिथे आहेत म्हणून व्हॉलंटियर येतो, व्हॉलंटियर येतो म्हणून पैसे येतात. मुलं घरी गेली तर? पैसे येणार नाहीत. मग मुलं घरी जावीत असं त्या संचालकाला वाटेल का?

मी घरी येऊन पाटीवर गणित मांडावं तसं मांडलं. माहितीपत्रकात लिहिलं होतं, एका बॅचला १२ व्हॉलंटियर. म्हणजे बॅचमागे ९६,०००. मुलं ३४. दर तीन आठवड्यांनी नवी बॅच. हे कुठल्याही धंद्याच्या नजरेने बघा, इथे माल काय आहे ते लगेच दिसतं. ऑडिटमध्ये मी इतकी वर्षं बघत आलो की पैसा पोचला की नाही, पण पैसा पोचूनच नुकसान होतं अशी केस माझ्या टेबलवर पहिल्यांदा आली.

नेपाळची पार्श्वभूमी थोडी सांगायला पाहिजे, नाहीतर हे नुसतं संशयी म्हाताऱ्यासारखं वाटेल. १९९६ ते २००६ तिथे माओवादी युद्ध चाललं, तेव्हा हुम्लासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून दलाल लोक पोरं घेऊन काठमांडूकडे आले, आईबापांना सांगायचं की शाळेत घालतो, बोर्डिंगमध्ये ठेवतो, त्यासाठी पैसेही घ्यायचे, आणि इकडे कागदावर अनाथ म्हणून नोंद करायची. युद्ध संपलं पण धंदा संपला नाही. तिथल्या बालगृहांतल्या साधारण ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत आहेत असं युनिसेफ आणि तिथल्या संस्था सांगत आल्यात. आणि बालगृहं कुठे आहेत बघा, गरिबी जिथे जास्त त्या कर्णालीच्या डोंगरात नाहीत, ती काठमांडू, ललितपूर, चितवन आणि कास्की अशा जिल्ह्यांत दाटीवाटीने आहेत, कास्की म्हणजे पोखरा. जिथे पर्यटक उतरतो तिथे अनाथ मुलं. कंबोडियातही हाच प्रकार झाला, तिथे तर २०११ मध्ये मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हेत अशी मोहीमच काढावी लागली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीचा कायदा करताना अनाथाश्रमासाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरावात बालगृहातल्या व्हॉलंटियर पर्यटनाच्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख केला.

पण भाचीचं बरोबर होतं, हे सगळं बाकीच्यांचं झालं, हे घर तसलंच कशावरून? बरोबर प्रश्न. मग आम्ही त्या घराबद्दलच चार गोष्टी विचारायचं ठरवलं. मुलांच्या सुरक्षेचं धोरण लेखी आहे का आणि तक्रार कुणाकडे करायची, त्या माणसाचं नाव. व्हॉलंटियरची पोलीस पडताळणी होते का. व्हॉलंटियर मुलांबरोबर एकटा कधी असतो का. आणि फोटोंचं काय.

उत्तर म्हणून एक पानाची पीडीएफ आली, त्यात आम्ही मुलांवर जीव लावतो असं तीन वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं, तक्रारीसाठी कंपनीचाच कस्टमर केअर नंबर. भाचीने भरलेला फॉर्म मी काढून बघितला. पासपोर्टसारखा फोटो, रक्तगट, टीशर्टची साईज. रेफरन्स नाही, पडताळणी नाही, आधी मुलांबरोबर काम केलंय का हा प्रश्न नाही. टीशर्टची साईज मात्र सक्तीची, ती भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नव्हता. हे बघून मी ताईला म्हणलं, आपण इथे मुलगी सेफ राहील का ते बघतोय, पण ज्या दारातून ती एवढ्या सहज आत जातेय त्या दारातून कुणीही जाऊ शकतं, आणि आत ३४ पोरं आहेत. ताई गप्प झाली. आपण नेहमी आपल्याच लेकराच्या बाजूने बघतो, त्यात तिची काय चूक.

त्याच दिवशी त्यांनी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला, भाचीला उत्साह यावा म्हणून. मुलं नाचतायत, खाली नावं, वय, आणि एका मुलीच्या नावापुढे लिहिलंय की हिला वडिलांनी टाकून दिलं. आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ आहे, काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा इथला, घर तिथलं, ते कबूल, पण पुण्यातल्या कंपनीच्या लोकांना हे माहीतच नसावं? आपल्या कुणाच्या घरातल्या पोरीची अशी कहाणी कुणी जाहिरातीत टाकली असती तर?

व्हिडिओत एक गोष्ट भाचीला फार आवडली होती, गाडीतून नवीन व्हॉलंटियर उतरतात तशी पोरं पळत येऊन गळ्यात पडतात. किती माया आहे बघ मामा. मी पण हो म्हणलं. त्या रिटायर्ड बाईंना व्हिडिओ दाखवला तर त्यांचा चेहराच पडला. त्या म्हणाल्या, तुमच्या शेजारचं तीन-चार वर्षांचं पोर अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतं का? ते आईच्या मागे लपतं. जे पोर कुणाच्याही गळ्यात पडतं त्याला सांभाळणारी माणसं सारखी बदलत गेलेली असतात. यावर मोठा अभ्यास झालाय, रोमानियात बुखारेस्टला २००० मध्ये सुरू झाला, १३६ लहान मुलं घेतली, चिठ्ठी टाकावी तसं निम्म्यांना पालक कुटुंबात ठेवलं आणि निम्मी संस्थेतच राहिली, आणि संस्थेतल्यांमध्ये अनोळखी माणसाला असं चिकटणं, वाढ मागे पडणं हे जास्त दिसलं. म्हणजे भाचीला जी माया वाटली ती खरं तर लक्षण होतं, आणि ती तीन आठवडे जीव लावून निघून गेली असती तर त्यात अजून एकाची भर.

तरीपण, खरं सांगतो, तिचा निर्णय यातल्या कशानेही बदलला नाही. ती म्हणत होती की मी गेल्यावर तिथे चांगलं वागेन, फोटो काढणार नाही. बदलला तो माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, तेही न कळत. बॅचचं नाव होतं दशैं स्पेशल. दशैं म्हणजे त्यांचं आपल्या नवरात्र-दसऱ्याच्याच दिवसांत येणारा सगळ्यात मोठा सण, घटस्थापनेपासून सुरू, विजयादशमीला घरच्या मोठ्यांकडून कपाळाला टिका लावून घ्यायचा, त्यासाठी नेपाळी माणूस जगात कुठेही असला तरी घर गाठायला बघतो, पुण्यातले आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका दरवर्षी त्याच दिवसांत गावाला जातात. शाळांना सुट्टी. भाची आजीला कौतुकाने सांगत होती, मी त्या मुलांबरोबर दशैं साजरा करणार. आजी वाती वळता वळता म्हणाली, अगं पण शाळेला सुट्टी तर शिकवणार काय? आणि दसऱ्याला ती पोरं घरी का जात नाहीत?

भाचीने हाच प्रश्न, आजीच्याच शब्दात, मेलने विचारला. किती मुलांचे नातेवाईक हयात आहेत आणि दशैंला किती घरी जातात. उत्तर आलं, बरीचशी हुम्लाची आहेत, प्रवास लांबचा आणि खर्चिक, शिवाय या काळात व्हॉलंटियर जास्त येतात त्यामुळे मुलं इथेच एन्जॉय करतात. म्हणजे घर आहे, माणसं आहेत. गर्दीच्या सीझनला पोरं दुकानात लागतात. ती त्या रात्री जेवली नाही.

आता हे पण सांगितलं पाहिजे की ते घर बेकायदाच होतं हे मी सिद्ध करू शकलो नाही. नोंदणी असेलही. हुम्ला खरंच लांब आहे, धड रस्ता पोचत नाही अशीच बरीच गावं. पण आम्हाला शिक्षा द्यायची नव्हती, जायचं की नाही तेवढंच ठरवायचं होतं, आणि त्याला एवढं पुरेसं होतं. आम्ही सगळे मेल आणि तो व्हिडिओ नेपाळच्या राष्ट्रीय बालअधिकार परिषदेला पाठवून दिले, पोच आली, पुढचं माहीत नाही. तिथे पण बाल हेल्पलाईन १०९८ च आहे, आपल्यासारखीच. बुकिंगचे दहा हजार नॉन-रिफंडेबल म्हणाले, मग ८०जी वाला मेसेज आम्ही जपून ठेवलाय एवढंच भाचीने कळवलं, चार दिवसांत सहा हजार परत आले. बाकीचे चार गेले, शिकण्याची फी म्हणून सोडून दिले.

मग ऑगस्टमध्ये परत शोधाशोध. या वेळी मी तिला एकच विचारलं, तू गेली नाहीस तर कुणाचं काय अडेल? ज्याचं काही अडणार नाही तिथे जाऊ नको, किंवा मग शिकायला जातेय असं सरळ म्हण. सोमनाथची श्रमसंस्कार छावणी मला म्हणून आवडते, दर मे महिन्यात, बाबा आमट्यांनी १९६७ ला सुरू केलेली, तिथे कुणी म्हणत नाही की तुम्ही गरिबांचा उद्धार करताय, पोरांनी घाम गाळायचा आणि शिकायचं, फायदा पोरांचाच, हे उघड आहे. त्यात काहीच कमीपणा नाही.

तिला मात्र तिचं अकाउंटिंग वापरायचं होतं. ओळखीतून नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात धडगाव भागात काम करणाऱ्या एका संस्थेचा पत्ता लागला, तिथे बायकांचे बचत गट आमचूर करतात, तिकडचं आमचूर प्रसिद्ध आहे. भाचीने मेल केला, तीन आठवडे येते. त्यांनी चक्क नाही म्हणून कळवलं. लिहिलं होतं, तीन आठवड्यांत तुम्हाला रस्ते आणि माणसं कळेपर्यंत निघायची वेळ येते, काम आमचंच वाढतं, पाच आठवड्यांच्या खाली आम्ही घेत नाही. मला तो मेल वाचून इतकं बरं वाटलं काय सांगू. जो नाही म्हणू शकतो त्याच्याकडे खरंच काम असतं.

भाचीने कंपनीला विचारून जॉइनिंग १७ नोव्हेंबरवर ढकललं. मग संस्थेने सीव्ही मागितला, दोन रेफरन्स मागितले, आणि दोघांनाही खरोखर फोन केले, त्यातला एक मी नव्हतो, नातेवाईक चालत नाही म्हणाले. पुणे पोलिसांचं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र मागितलं, ऑनलाइन अर्ज केला, नऊ दिवसांनी मिळालं. तिचं काम मुलांशी संबंधित नव्हतंच, तरी मागितलं, का तर तुम्ही ज्या घरात राहणार त्या घरात मुलं आहेत. चाळीस मिनिटं फोनवर मुलाखत. आचारसंहितेच्या कागदावर सही, त्यात दोन वाक्यं मला लक्षात राहिली, कुठल्याही मुलाला एकटं घेऊन कुठेही जायचं नाही, आणि मुलांना खाऊ-पैसे द्यायचे नाहीत. काही खटकलं तर कुणाला फोन करायचा त्या ताईंचं नाव, नंबर, आणि त्या नसतील तर दुसरं नाव.

फीचा कागद मेलला जोडलेला होता, न मागता. जेवण रोजचे १५० प्रमाणे ३५ दिवसांचे ५,२५०, खोली रोजचे ५० प्रमाणे १,७५०, दुभाषाचे १,५००, विमा ७००, एकूण ९,२००. जेवण आणि खोलीचे पैसे ज्या घरी राहणार त्या बाईंच्या खात्यावर तिनेच टाकायचे, संस्थेकडे फक्त उरलेले २,२००. खाली ओळ, ही देणगी नाही, ८०जी मिळणार नाही. मी ती ओळ ऑफिसात सगळ्यांना दाखवली.

आणि गरज? ती कुणी ठरवली हे आम्ही विचारलं. त्यांनी गटाच्या बैठकीच्या इतिवृत्ताचा फोटो पाठवला, वहीचं पान, कोपरा दुमडलेला, त्यावर लिहिलेलं की तीन वर्षांचा आमचूरचा हिशोब जुळत नाही, खरेदी केलेला माल आणि विकलेला माल यात फरक येतो, तो कुठे जातो ते कुणीतरी बाहेरचं माणूस आणून बघून घ्यावं, आणि दोघींना वही लिहायला शिकवावं. खाली सह्या आणि बरेचसे अंगठे. पोखऱ्याच्या माहितीपत्रकात गरज हा शब्द अकरा वेळा होता, इथे एकदाही नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती निघाली. दिवाळी तिकडेच गेली, ताईने जाताना डोळ्यात पाणी आणलं पण अडवलं नाही. पहिले दहा दिवस फुकट गेले असं तीच म्हणते. पावरी भाषा कळत नाही, दुभाषा मुलगा कॉलेजच्या परीक्षेला गेला, रेंज नाही, बिलांच्या पिशव्या उघडल्या तर त्यात बिलं, चिठ्ठ्या, औषधाच्या पावत्या सगळं एकत्र. तिने फोन करून रडारड केली, एका टेकडीवर चढून, तिथेच रेंज यायची. तीन आठवड्यांची ट्रिप असती तर यातच अर्धी संपली असती, हे त्या संस्थेच्या मेलमध्ये लिहिलेलंच होतं.

एकदा चूकही केली. ज्या घरी राहायची तिथल्या छोट्या मुलीचा केस विंचरतानाचा फोटो स्टेटसला टाकला. दोन तासांत संस्थेच्या त्या ताईंचा फोन, काढून टाक. आई हो म्हणाली होती, भाचीचं म्हणणं. त्या म्हणाल्या, तू पाहुणी आहेस, ती तुला नाही म्हणेल का कधी? काढला.

हिशोबाचं असं झालं की फरक दरवर्षी एकाच बाजूला यायचा, खरेदीचं वजन जास्त, विक्रीचं कमी. गावात सगळ्यांचा संशय वजन करणाऱ्या बाईवर, तिचं दोन वर्षं बैठकीला येणं बंद झालेलं. भाचीने एक साधी गोष्ट केली, खरेदीची तारीख आणि विक्रीची तारीख शेजारी शेजारी मांडली. माल जितके जास्त दिवस पडून राहिला तितका फरक मोठा. कैरीच्या फोडी मे-जूनमध्ये घेताना अर्धवट वाळलेल्या असतात, गोदामात पडून त्या अजून वाळतात आणि वजन उतरतं. चोरी नव्हती, तूट होती, आणि वहीत तुटीचा रकानाच नव्हता. पक्कं करायला तिने त्या वर्षीचं उरलेलं एक पोतं दर चार दिवसांनी काट्यावर चढवलं, पण तोवर माल वाळून गेलेला, त्यामुळे फरक अगदी थोडा दिसला, खरी परीक्षा पुढच्या मे महिन्यातच होणार होती.

तीन वर्षांपैकी दोन वर्षांचा हिशोब जुळला. पहिल्या वर्षाची बिलं पावसात भिजलेली, ती तशीच राहिली. शिकवलेल्या दोघींपैकी एक दिवाळीनंतर कुटुंबाबरोबर ऊसतोडीला गुजरातकडे गेली, हे होणार हे संस्थेला माहीत होतं म्हणून त्यांनी आधीच तिसरी बाई बसवली होती शेजारी, भाचीला ते तेव्हा कळलं नव्हतं की ही तिसरी का येते. परत आल्यावर दोन महिने दर रविवारी संध्याकाळी फोनवर वही तपासायची हे ठरलं होतं, त्यातले पाच रविवार झाले, तीन बुडाले, दोन नोकरीमुळे आणि एक रेंजमुळे.

जानेवारीत मी ताईकडे गेलो तेव्हा भाची फोनवर होती, स्पीकर चालू, पलीकडून कुणीतरी हळूहळू आकडे वाचत होतं आणि ही इकडे टिक करत होती. मी विचारलं कोण. म्हणाली, ती वजन करणारी, आता वही तीच लिहिते.